पाइप कापण्याआधी: लोखंडी गेटची ऑर्डर कागदावर पक्की कशी करावी

फॅब्रिकेशनच्या कामात ग्राहकाशी वाद होतो तेव्हा वेल्डिंग कच्चं निघालं असं सहसा नसतं. गेट मजबूत असतं, सरळ असतं, पण ग्राहकाच्या डोक्यातलं गेट वेगळं असतं. कापलेला पाइप परत जोडून विकता येत नाही आणि एका घरासाठी लेझरने कापलेला पत्रा दुसऱ्या घराला चालत नाही. नग एकाच माणसासाठी बनतो, म्हणून कटिंग मशीन सुरू होण्याआधी त्याच्या डोक्यातलं सगळं कागदावर उतरवून घ्यावं लागतं. हे कसं करायचं ते एका साध्या दोन पल्ल्यांच्या गेटच्या उदाहरणाने सांगतो. धुळे-पारोळा पट्ट्यात अशी कामं रोजची आहेत.

ऑर्डर बहुतेक वेळा फोनवरच येते. पारोळा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने, त्यांना आपण आप्पा म्हणू, अशीच दिली: "माले बारा फूटनं गेट जोयजे, आखाजीना पहिले. हाऊ फोटो देखा, असंच जोयजे." आप्पांच्या मते ऑर्डर पूर्ण झाली. कारागिराच्या दृष्टीने मात्र यातलं एकही वाक्य अजून पक्कं नाही. बारा फूट कुठून कुठपर्यंत, आखाजीच्या आधी म्हणजे किती आधी, आणि फोटोतलं नेमकं काय? उत्तरं मिळेपर्यंत भावही सांगू नये. फोनवर बोललेला आकडा ग्राहक धरून ठेवतो, आणि नंतर माप किंवा जाडी बदलून भाव वाढला की त्याला फसवल्यासारखं वाटतं.

फोटोचं काय करायचं

फोटोमुळे ग्राहकाची आवड कळते, माप कळत नाही. आप्पांनी पाठवलेल्या फोटोतलं गेट दिसायलाच सोळा फुटांच्या आसपासचं होतं. तीच नक्षी बारा फुटांत बसवली की पानं दाटीवाटीने येतात, आणि पानांचा आकार तोच ठेवला तर ती संख्येने कमी होतात. दोन्हीकडून गेट फोटोसारखं दिसत नाही. ग्राहकाला हे आधी कळलं तर तो समजून घेतो. गेट उभं राहिल्यावर कळलं तर "असंच जोयजे म्हटलं होतं ना" हे ऐकावं लागतं.

म्हणून फोटो समोर धरून दोन प्रश्न विचारावेत. यातलं तुम्हाला काय आवडलं, बोट ठेवून दाखवा. आणि यातलं काय नको आहे? दुसरा प्रश्न बहुतेकजण विचारत नाहीत, पण खरी माहिती त्यातूनच मिळते. आप्पांना खालच्या पत्र्यावरची पानांची नक्षी आणि वरचे भाले आवडले होते. सोनेरी रंग नको होता. त्यांच्या घरातल्या ताईंनी तिसरीच गोष्ट सांगितली: रस्त्यावरून अंगण दिसायला नको. फोटोतल्या गेटचा वरचा अर्धा भाग मोकळ्या सळयांचा होता, शिवाय पानांच्या नक्षीतून आरपार दिसणारच. म्हणजे फोटोतलं गेट जसंच्या तसं बनवलं असतं तर आप्पा खूश झाले असते आणि ताईंनी पहिल्याच दिवशी आतून चादर बांधली असती.

तोडगा निघाला तो असा: खालून चार फुटांपर्यंत पत्रा, त्यातला खालचा तीन फुटांचा भाग सपाट, नक्षी फक्त वरच्या फूटभर पट्टीत, आणि त्याच्यावर सळया. हे ठरल्यावर फोटोचं काम संपलं. तसं ग्राहकाला स्पष्ट सांगावं: आता यापुढे चित्र खरं, फोटो नाही. यामागे कायद्याचाही मुद्दा आहे. 1930 च्या वस्तू विक्री कायद्यात, माल नमुना आणि वर्णन या दोन्हींवरून विकला असेल तर तो दोन्हींशी जुळला पाहिजे, असं आहे. नमुना एक सांगतो आणि कागद दुसरंच सांगतो, अशी अवस्था आपणच कशाला निर्माण करायची? कागदावर एक ओळ लिहून टाकावी: पाठवलेला फोटो फक्त कल्पनेसाठी, काम चित्राप्रमाणे.

माप स्वतः घ्या, आणि ते पुढच्या वर्षीचं घ्या

ग्राहकाने किंवा गवंड्याने सांगितलेल्या मापावर पाइप कापू नये. आप्पांचे बारा फूट म्हणजे 3658 मिमी व्हायला हवेत. जागेवर टेप लावल्यावर दोन खांबांमधलं अंतर तळाला 3635, मध्ये 3642 आणि वर 3650 भरलं. खांब वरच्या बाजूला एकमेकांपासून थोडे फाकलेले होते. गावाकडच्या बांधकामात हे नेहमीचं आहे, त्यात गवंड्याला दोष द्यावा असं काही नाही. पण म्हणूनच माप तीन उंचीवर घ्यायचं आणि सगळ्यात लहान आकडा धरायचा. खांब ओळंब्यातही तपासून घ्यावेत. बिजागऱ्या खांबाच्या कलाप्रमाणे बसल्या तर गेट आपोआप उघडतं किंवा मिटतं, मग तक्रार गेटची होते.

मापं मिलिमीटरमध्ये लिहावीत. आपल्याकडे फूट, इंच, सूत अशी भाषा चालते आणि आठ सुतांचा इंच सगळ्या कारागिरांना तोंडपाठ असतो. पण लेझर कटिंगवाला मिलिमीटर मागतो, आणि बदल करताना कुठेतरी दोन सूत हरवतात. ग्राहकाच्या समाधानासाठी फुटातला आकडा बाजूला लिहावा. मात्र दोन्हींत फरक आढळला तर मिलिमीटर खरं, असं कागदावरच म्हणावं.

त्यानंतरचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो टेपने मोजता येत नाही: आज दिसते त्या जागेत अजून काय काम व्हायचं आहे? खांबांना नुसता प्लास्टर आहे की त्यावर दगडी टाइल बसणार आहे? टाइल आणि तिच्यामागचा मसाला मिळून एका बाजूला 35 मिमी सहज जातात. आप्पांच्या खांबांवर टाइल बसणार होती. ती खांबाच्या आतल्या अंगालाही आली असती तर 3635 चे 3565 झाले असते आणि आधी बनलेलं गेट अडकलं असतं. आप्पांना विचारल्यावर ठरलं की टाइल फक्त रस्त्याकडच्या तोंडावर बसवायची, आतली बाजू प्लास्टरचीच ठेवायची. हा निर्णय आप्पांचा, पण गेटचं माप त्यावर उभं आहे. म्हणून तो शब्दात लिहिला: "खांबांच्या आतल्या बाजूला टाइल बसणार नाही. बसवल्यास गेटच्या मापाची जबाबदारी ग्राहकाची."

आता पल्ल्याचं माप निघतं. बिजागरीच्या दोन्ही बाजूंना 20-20 मिमी आणि मध्ये दोन पल्ल्यांत 15 मिमी फट धरली. 3635 मधून 55 गेले, राहिले 3580, म्हणजे प्रत्येक पल्ला 1790. ही वजाबाकी ग्राहकासमोर करून दाखवावी. ज्याने ती पाहिली तो नंतर "बारा फूट सांगितलं आणि पावणेबाराच दिलं" असं म्हणत नाही. वरच्या बाजूला खांब फाकल्यामुळे तिथली फट दोन्हीकडची मिळून 15 मिमी जास्त दिसणार, हेही तेव्हाच सांगून टाकावं. दिसणारी पण दुरुस्त न होणारी गोष्ट आधी सांगितली तर ती माहिती ठरते, नंतर सांगितली तर ती सबब वाटते.

जमीन कुठे येणार आहे?

रुंदीइतकेच वाद उंचीवरून होतात, कारण "सहा फूट" कुठून मोजायचे हे कोणी विचारत नाही. आप्पांच्या अंगणात आज मुरूम होता. पावसाळ्याआधी पेव्हर ब्लॉक बसणार होते: 60 मिमीचा ब्लॉक, खाली साधारण 40 मिमीचा थर, म्हणजे जमीन 100 मिमी वर येणार. आजच्या मुरमापासून दोन इंच सोडून गेट लावलं असतं तर ब्लॉक बसल्यावर ते हललंही नसतं. म्हणून सगळ्या उंच्या ब्लॉकच्या तयार पातळीपासून मोजायच्या ठरल्या, आणि ती पातळी खांबावर रंगाने रेघ मारून दाखवली. रेघेचा फोटो काढून ठेवावा. नंतर गवंड्याने ब्लॉक वर बसवले तर रेघ बोलते.

दुसरी अडचण उताराची. गेट आत उघडतं आणि पाणी बाहेर जावं म्हणून अंगण घराकडे चढत जातं. पाण्याची नळी लावून पाहिलं तर आत 1800 मिमीवर जमीन 45 मिमी वर होती. तळाला 50 मिमी फट ठेवली तर पूर्ण उघडल्यावर पल्ल्याच्या टोकाशी 5 मिमी उरले असते. एक खडा आला की घासलंच! दोन पर्याय होते. फट वाढवून 80 करायची, म्हणजे खालून कुत्र्याची पिल्लं आणि कोंबड्या येणार-जाणार. नाहीतर ब्लॉक बसवताना गेटच्या आतला पहिला दोन मीटर भाग सपाट ठेवायचा आणि चढ त्याच्या पुढे सुरू करायचा. आप्पांनी दुसरा पर्याय घेतला, आणि तेही "ग्राहकाची जबाबदारी" या सदराखाली गेलं. सपाट भागातलं पाणी बाहेर काढायला गवंड्याने बाजूला नाली ठेवायची, हेही त्यांना सांगून ठेवलं.

उंचीचा हिशेब असा ठरला: तळाची फट 50, चौकट 1680, भाले 100, एकूण 1830 मिमी, म्हणजे भाल्यांसकट सहा फूट. भाले धरून की सोडून, हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो. तो विचारला नाही तर चार इंचांचा वाद उभा राहतो.

उघडण्याची दिशाही शब्दांत नेमकी हवी. डावा-उजवा पल्ला म्हणताना माणूस कुठे उभा आहे हे लिहावं: रस्त्यावर उभं राहून घराकडे तोंड. कडी कोणत्या पल्ल्याला, कुलूप आतून की बाहेरून, आधी कोणता पल्ला उघडतो, सगळं त्याच नजरेतून. आप्पांच्या घरी रोजची ये-जा मोटारसायकलची होती, म्हणून आधी उघडणारा पल्ला उजवा ठरला. आणि कडब्याची भरलेली ट्रॉली बाजूंनी बाहेर फुगते, तेव्हा दोन्ही पल्ले पूर्ण 90 अंशांत मागे जाऊन अडकवता आले पाहिजेत, ही मागणी ट्रॅक्टरचा विषय काढल्यावरच पुढे आली. ग्राहकाला गेट कसं हवं हे विचारण्याबरोबर त्यातून काय-काय जाणार आहे हेही विचारावं.

खांब गेट पेलेल का?

हा प्रश्न कारागीर मनात विचारतो, पण कागदावर आणत नाही. प्रत्येक पल्ला साधारण 75 किलोंचा होणार होता. पल्ल्याचं वजन त्याच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून सुमारे 900 मिमीवर धरा. वरच्या-खालच्या बिजागरीत 1400 मिमी अंतर ठेवलं तर वरच्या बिजागरीवर खांबाला आडवी ओढ 48 किलोंच्या आसपास बसते, आणि पोरं लोंबकळली की त्याहून जास्त. आरसीसी खांब ही ओढ आरामात घेतो. नुसत्या विटांच्या खांबात मसाल्याने बसवलेली बिजागरी काही महिन्यांत हलू शकते. मग पल्ला खाली झुकतो, मधली कडी जुळत नाही, आणि गेट वाकडं बनवलं अशी तक्रार येते.

म्हणून खांब कशाचा आहे, आत सळई आहे का, बिजागरीसाठी लोखंडी प्लेट टाकली आहे का, हे विचारून लिहावं. आप्पांचे खांब आरसीसीचे होते पण प्लेट नव्हती, तेव्हा अँकर बोल्टने प्लेट बसवायची ठरली. पावडर कोटिंगचं गेट असेल तर हे आणखी आधी ठरायला हवं. रंग चढल्यावर जागेवर वेल्डिंग केलं की तिथला थर जळतो आणि पुढे तिथूनच गंज धरतो. बोल्टवर बसणारी बिजागरी त्यासाठीच.

जाडी, वजन आणि भाव

पाइपची जाडी गेजमध्ये सांगण्याची सवय आहे. 14 गेज म्हणजे सुमारे 2 मिमी, 16 गेज म्हणजे सुमारे 1.6, 18 गेज म्हणजे सुमारे 1.2. आकडा वाढला की जाडी कमी होते, आणि ग्राहकाला हे उलटं वाटतं. अठरा गेज ऐकून तो खूश होतो. म्हणून मिलिमीटरच लिहावं आणि सोबत किमान जाडीही. 2 मिमी म्हणून आलेला पाइप प्रत्यक्षात थोडा पातळ भरू शकतो. आप्पांच्या कागदावर होतं: चौकट 50 बाय 50 पाइप, 2 मिमी, कुठेही मोजल्यास 1.8 पेक्षा कमी नाही. पाइपचा बोटभर तुकडा कापून, व्हर्नियर लावून दाखवून ग्राहकाच्या हातात द्यावा. तोच नमुना. कापलेल्या पाइपचं तोंड पाहिल्यावर जाडी कोणालाही कळते.

यावरून वजनाचा अंदाज काढला. 50 बाय 50 चा 2 मिमी पाइप मीटरला सुमारे 3 किलो भरतो. एका पल्ल्याच्या चौकटीला आणि मधल्या पट्ट्यांना मिळून साडेदहा मीटरच्या आत पाइप लागला, म्हणजे 31 किलो. 2 मिमी पत्रा चौरस मीटरला 15.7 किलो, चार फूट उंचीपर्यंत सुमारे 34 किलो. वरच्या 12 मिमी चौकोनी सळया 9 किलो. असा पल्ला 75 किलोंच्या जवळ आणि जोडी 150 च्या. हेच 1.6 च्या पाइपात केलं तर जोडीमागे 12 किलो कमी होतात. बाहेरून गेट अगदी तसंच दिसतं. दोन कारागिरांच्या भावातला फरक अनेकदा इथेच असतो, म्हणून ग्राहक दुसऱ्याचा स्वस्त भाव घेऊन आला तर त्याला जाडी विचारायला सांगावं, भाव लगेच कमी करू नये.

भाव किलोवर असेल तर आणखी तीन गोष्टी ठरवाव्यात: वजन कधी, कोणत्या काट्यावर, आणि कमाल किती. माझं मत असं की वजन रंगाआधी, ग्राहकासमोर करावं, बिजागऱ्या आणि कुलूप नगावर वेगळे धरावेत, कापून उरलेले तुकडे ग्राहकाच्या माथी मारू नयेत. लेझरने काढून टाकलेल्या पानांचं वजन मोजायचं की नाही, हेही बोलून घ्यावं, कारण पत्रा आपण पूर्ण विकत आणतो. कमाल मर्यादा ग्राहकाच्या मनातली सगळ्यात मोठी धास्ती घालवते. किलोच्या भावात कारागीर मुद्दाम जड माल लावतो असं लोकांना वाटतंच. आप्पांच्या कागदावर लिहिलं: 158 किलोंच्या वरचं वजन कारखान्याचं. जीएसटी, वाहतूक आणि बसवण्याची मजुरी भावात आहे की वेगळी, एवढं लिहून हा विषय संपवावा.

रंग

मोबाइलच्या पडद्यावर रंग ठरवू नये. पावडर कोटिंगचा रंग आरएएल क्रमांकाने ठरतो, पण तोच क्रमांक चमकदार, मॅट आणि खरबरीत अशा तऱ्हांत वेगवेगळा दिसतो. आप्पांनी आरएएल 7016 हा गडद करडा निवडला. कोटिंगवाल्याकडून हातभर पट्टीवर मॅटमध्ये मारून आणला आणि पट्टी उन्हात, खांबाला टेकवून दाखवली. सावलीत काळा वाटलेला रंग उन्हात निळसर करडा दिसला. ताईंना तो आवडला, पण नसता आवडला तरी पट्टीचा खर्च गेटच्या खर्चापुढे काहीच नव्हता. पट्टीचे दोन तुकडे करून मागे तारीख टाकावी, एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. ऑर्डर घेण्याआधी कोटिंगवाल्याच्या भट्टीचं मापही विचारून ठेवावं. पल्ला भट्टीत मावत नसेल तर एकतर जोड द्यावा लागतो किंवा साधा रंग, आणि हे दोन्ही ग्राहकाला ऑर्डरनंतर सांगायच्या गोष्टी नाहीत.

"हो" कोणाचा?

आमच्याकडे गेट एकट्या माणसाचं नसतं. पैसे आप्पा देतात, वापर ताई करतात, आणि पुण्यात नोकरीला असलेला मुलगा व्हॉट्सअॅपवर रोज नवा फोटो पाठवतो. तिघांचंही ऐकावं, पण मान्यता एकाचीच घ्यावी. "आप्पा, बदल सांगायचा तर तो तुमच्या फोनवरूनच यावा, दादांनी सांगितला तरी तुम्ही पुढे पाठवा," असं सुरुवातीलाच बोलून, ते नाव आणि नंबर कागदावर लिहावा. कोणाला वाईट वाटत नाही. उलट घरातले लोक आपापसात आधी बोलून घेतात.

काही वाक्यं ऐकली की तिथे थांबावं. "बाकी तुमच्यावर सोडलं." "नेहमी करता तसं करा." "तुम्हाला कळतंच की." माणूस विश्वासाने बोलतो, पण त्या जागी काहीच ठरलेलं नसतं. तेव्हा "मी असं करणार आहे" म्हणून आपला विचार चित्रात दाखवावा आणि त्यावर हो घ्यावं. चित्र संगणकावर काढलेलंच हवं असं नाही. चौकटीच्या वहीचा कागद चालतो, पण त्यावर रस्त्याकडून दिसणारं गेट, वरून दिसणारी उघडण्याची दिशा आणि प्रत्येक माप हवं. सळयांमधली मोकळी जागासुद्धा लिहावी. आप्पांकडे लहान नातवंडं होती, म्हणून ती 80 मिमी ठेवली.

मग ग्राहकाला कागद वाचून दाखवण्याऐवजी त्यालाच सांगायला लावावं: आप्पा, हे गेट कसं होणार आहे ते तुमच्या शब्दांत सांगा बरं. आप्पा सांगताना म्हणाले, "आणि छोटा दरवाजा मध्ये." पायी जाणाऱ्यांसाठी पल्ल्यातच लहान दरवाजा असणार असं ते धरून चालले होते, कारण शेजाऱ्याच्या गेटला तो होता. फोटोत नव्हता, बोलण्यातही कधी आला नव्हता. दरवाजा घेतला तर सपाट पत्र्याला चौकट पडणार आणि वजन व भाव वाढणार, हे ऐकल्यावर त्यांनीच तो सोडला. उजवा पल्ला आधी उघडतोच, तो पुरे, असं ठरलं. हा प्रश्न विचारला नसता तर "छोटा दरवाजा कुठे?" हे गेट बसवायच्या दिवशी ऐकायला मिळालं असतं.

मान्यतेचा मजकूर

चित्राचा फोटो आणि खालचा मजकूर एकत्र पाठवावा. नुसता अंगठ्याचा इमोजी मान्यता म्हणून धरू नये. तो "मिळालं" अशा अर्थानेही येतो.

"गेट ऑर्डर, चित्र क्रमांक 3. आधीची चित्रं 1 आणि 2 रद्द. दोन पल्ले, प्रत्येकी 1790 मिमी. उंची ब्लॉकच्या तयार पातळीपासून भाल्यांसकट 1830. आत उघडणार, रस्त्यावरून पाहता उजवा पल्ला आधी. छोटा दरवाजा नाही. चौकट 50 बाय 50, 2 मिमी, नमुना दिला आहे. पत्रा 2 मिमी, नक्षी वरच्या एक फुटात. रंग 7016 मॅट, पट्टी दिली आहे. वजन रंगाआधी, 158 किलोंच्या वरचं कारखान्याचं. ग्राहकाकडे: खांबाच्या आतून टाइल नाही, आतले 2 मीटर ब्लॉक सपाट. पाठवलेला फोटो फक्त कल्पनेसाठी. बरोबर असल्यास 'चित्र 3 मान्य, काम सुरू करा' असं लिहून पाठवा."

चित्राला क्रमांक देणं फार उपयोगाचं आहे. बदलत गेलेली चित्रं फोनमध्ये साठतात, आणि कटिंगवाल्याच्या हातात दोन नंबरचं चित्र गेलं की सगळी मेहनत वाया. कारखान्याच्या भिंतीवर शेवटचंच चित्र लावावं, जुनी फाडून टाकावीत. हे मेसेज काम बसेपर्यंत आणि पैसे पूर्ण येईपर्यंत फोनमधून काढू नयेत. नुसता स्क्रीनशॉट ठेवून फोन बदलला तर पुढे पुरावा म्हणून तो कमकुवत पडतो. मोठी रक्कम असेल तर छापील कागदावर सहीच घ्यावी.

अॅडव्हान्स या उत्तरानंतरच घ्यावा. आधी पैसे घेतले की ग्राहकाला वाटतं काम सुरू झालं, आणि चित्रावर नीट लक्ष देण्याची घाई त्याला राहत नाही. माप घेण्याची वेगळी छोटी फी घेतली आणि ऑर्डर आल्यावर ती वळती केली तर दोघांनाही ठीक पडतं. दिवस मोजायला सुरुवात मान्यता आणि अॅडव्हान्स दोन्ही आल्यावर. आखाजीच्या आधी असं लिहू नये, तारीख लिहावी. आखाजीला कारागीर गावाला जातात, कोटिंगवाल्याकडे त्याच आठवड्यात रांग लागते, म्हणून आम्ही सणाच्या बरंच आधीची तारीख दिली आणि कोणत्या दिवसापर्यंत मान्यता आली तर ती पाळता येईल हेही लिहिलं.

नंतर बदल मागितला तर

बदल येणारच. ते नाकारण्यापेक्षा कोणत्या टप्प्यावर किती महाग पडतात हे आधी सांगून ठेवावं. पाइप कापण्याआधी कोणताही बदल फुकट. पाइप कापल्यावर मापाचा बदल म्हणजे नव्या पाइपचे पैसे. पत्रा लेझरला गेल्यावर नक्षी बदलायची तर पत्रा आणि कटिंग दोन्हींचे. कोटिंगनंतर कोणताही बदल होणार नाही. आप्पांच्या मुलाने कटिंग झाल्यावर नक्षीत घराचं नाव घालायला सांगितलं. आम्ही पत्र्याला हात न लावता नाव वेगळ्या पट्टीवर कापून बोल्टने बसवायचं सुचवलं, त्याचा खर्च आणि वाढणारा एक दिवस लिहून पाठवला, आणि आप्पांच्या फोनवरून "चित्र 4 मान्य" आल्यावरच पट्टी कापली. बदल कितीही लहान असो, त्याला नवा क्रमांक द्यावाच. तोंडी कबूल केलेला लहान बदल हिशेबाच्या वेळी मोठा होतो.

शेवटची पायरी रंगाआधीची. गेट उघड्या लोखंडात तयार झालं की ग्राहकाला बोलवावं. दोन्ही पल्ले जमिनीवर शेजारी ठेवून रुंदी, उंची आणि कर्ण मोजून दाखवावेत. एका पल्ल्याचे दोन्ही कर्ण सारखे भरले तर पल्ला काटकोनात आहे. इथे ते 2455 मिमीच्या जवळ यायला हवेत. पाइपच्या तोंडावर झाकण बसण्याआधी जाडी पाहू द्यावी, काट्यावर वजन करावं, चित्र 4 वर "रंगाआधी पाहिलं, बरोबर आहे" असं लिहून सही आणि तारीख घ्यावी. ग्राहक येऊ शकत नसेल तर टेप लावलेले आकडे दिसतील असे फोटो पाठवून लेखी उत्तर घ्यावं, आणि ते आल्यावरच गाडी कोटिंगला पाठवावी.